साखर, दातांची कीड आणि खाण्याच्या वेळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या दवाखान्यात बसून दात भरताना आणि रूट कॅनाल करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. दाताला कीड लागणार की नाही, हे दिवसभरात किती साखर पोटात गेली यापेक्षा ती किती वेळा तोंडात आली यावर अधिक अवलंबून असते. बहुतेक उत्तरे या एकाच मुद्द्याभोवती फिरतात. हा मुद्दा कुठवर खरा आहे आणि कुठे तो अपुरा पडतो, तेही त्या त्या ठिकाणी स्पष्ट केले आहे.

दात किडतो म्हणजे नेमके काय होते? खरोखर किडा असतो का?

किडा नसतो. कानात औषधी धूर सोडून दातातला किडा काढून दाखवणारे लोक पूर्वी बाजारात बसत असत. त्यांच्या हातातली अळी दातातून आलेली नसते.

दातांच्या पृष्ठभागावर, विशेषतः हिरडीलगत, दाढांच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत, जंतूंचा एक चिकट थर सतत तयार होत असतो. त्याला प्लाक म्हणतात. या थरातल्या काही जंतूंना साखर मिळाली की ते ती पचवतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. आम्ल थरातच अडकून राहते आणि खालच्या इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातली, कॅल्शियम व फॉस्फेट ही खनिजे विरघळू लागतात. आम्लता पीएच या मापाने मोजतात. पीएच जितका कमी तितके आम्ल तीव्र. थराचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते, असे मानले जाते.

पण ही एकाच दिशेने चालणारी झीज नव्हे. साखर संपली की लाळ आम्ल धुऊन टाकते, तिच्यातले बायकार्बोनेट उरलेले आम्ल निष्प्रभ करते आणि लाळेत विरघळलेली खनिजे इनॅमलमध्ये परत बसू लागतात. खनिज जाणे आणि परत येणे ही देवाणघेवाण प्रत्येकाच्या तोंडात रोज अनेकदा होते. जाण्याचा वेळ परत येण्याच्या वेळेपेक्षा महिनोन्‌महिने जास्त राहिला, तरच खड्डा पडतो.

मग थोडीशी साखर अनेकदा खाणे हे एकदम भरपूर गोड खाण्यापेक्षा वाईट कसे?

अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातावरच्या थराचा पीएच साखरेच्या पाण्याने चूळ भरण्याआधी आणि नंतर मोजला. त्यातून मिळालेली रेषा आजही दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षांत शिकवली जाते. चूळ भरल्यावर काही मिनिटांतच पीएच धोक्याच्या पातळीखाली घसरतो, काही वेळ खाली राहतो आणि मग हळूहळू वर येतो. पूर्ववत व्हायला साधारण अर्धा तास ते एक तास लागतो. ज्याची लाळ पातळ आणि भरपूर आहे त्याचा लवकर सुधारतो, ज्याचे तोंड कोरडे आहे त्याचा उशिरा.

आता साखरेचे प्रमाण दुप्पट केले तर ही घसरण दुप्पट खोल किंवा दुप्पट लांब होत नाही. थरातल्या जंतूंची पचवण्याची क्षमता मर्यादित असते आणि थोड्या साखरेतच ते जवळजवळ पूर्ण वेगाने काम करू लागतात. उरलेली साखर गिळली जाते. म्हणून वाटीभर श्रीखंड जेवणाबरोबर दहा मिनिटांत संपवले, तर दाताच्या दृष्टीने ती एक घसरण झाली. तेवढीच साखर सहा कपांच्या चहातून दिवसभर विभागून घेतली, तर सहा घसरणी झाल्या, आणि प्रत्येक वेळी लाळेने सुरू केलेले दुरुस्तीचे काम अर्ध्यावर मोडले गेले.

एक बारकावा येथे महत्त्वाचा आहे. घोटाघोटाने पिणे म्हणजे एक वेळ खाणे नव्हे. मॉनिटरशेजारी ठेवलेला गोड कॉफीचा मग पाऊण तास पुरवून प्यायला, तर ती घसरण पाऊण तास चालू राहते आणि शेवटच्या घोटानंतर सावरण्याचा अर्धा तास पुढे वेगळा धरावा लागतो.

याला पुरावा काय? हा केवळ तर्क आहे का?

याचा सर्वांत मोठा पुरावा स्वीडनमधून आला आणि तो ज्या रीतीने मिळवला गेला ती रीत लाजिरवाणी होती. लुंड शहराजवळच्या व्हिपेहोम या मतिमंद व्यक्तींच्या संस्थेत १९४५ च्या सुमारास सुरू होऊन काही वर्षे हा अभ्यास चालला आणि त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील रहिवाशांना संमती विचारलीच गेली नव्हती आणि काही गटांना दात किडावेत अशाच पद्धतीने गोड दिले गेले. आज असा प्रयोग कोणत्याही देशात मंजूर होणार नाही.

निष्कर्ष मात्र स्पष्ट होते. ज्यांना बरीच जास्तीची साखर जेवणाबरोबर पेयात विरघळवून दिली, त्यांच्या दातांत किडीची वाढ फारच थोडी झाली. ज्यांना दातांना चिकटणाऱ्या टॉफ्या जेवणांच्या मधल्या वेळेत दिल्या, त्यांच्या दातांत किडीची वाढ मोठी झाली. टॉफ्या थांबवल्यावर नवी कीड पडण्याचा वेगही खाली आला. गोडाचा चिकटपणा आणि ते खाण्याची वेळ या दोन गोष्टी तेव्हापासून प्रमाणाच्या बरोबरीने, किंबहुना त्याआधी, पाहिल्या जाऊ लागल्या.

त्या काळात फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरात नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नियमित फ्लोराइड वापरणाऱ्या व्यक्तीचा दात त्याच सवयींना जास्त काळ तोंड देतो.

एखाद्या प्रत्यक्ष दिनक्रमावर हा हिशेब करून दाखवता येईल का?

समजा, कोथरूडमध्ये राहणाऱ्या आणि शिवाजीनगरच्या एका कार्यालयात हिशेब विभागात काम करणाऱ्या चाळिशीच्या बाई आहेत. त्या मिठाई क्वचितच खातात, कोल्ड्रिंक पीत नाहीत, रोज दोन वेळा ब्रश करतात, तरी दोन वर्षांत तीन दाढा भराव्या लागल्या म्हणून त्या वैतागल्या आहेत. असा पेशंट दर आठवड्याला भेटतो. त्यांना एका साध्या कामाच्या दिवसाची नोंद लिहून आणायला सांगितली तर ती साधारण अशी निघते.

पावणेसातला चहा आणि दोन बिस्किटे. साडेआठला पोहे आणि चहा. पावणेअकराला कार्यालयातला चहा, जो फायली पाहता पाहता साडेअकरापर्यंत चालतो. एक वाजता डबा आणि लगेच नंतर रंगीत साखरेची बडीशेप. साडेतीनला चहा आणि खारी. साडेचारला घसा कोरडा पडतो म्हणून टेबलाच्या खणातली आलेपाकाची वडी. घरी आल्यावर साडेसहाला चहा. नऊला जेवण. झोपण्यापूर्वी साडेदहाला साखर घातलेले दूध, आणि त्यानंतर ब्रश नाही, कारण ब्रश जेवणानंतर झालेला असतो.

पाच कप चहात प्रत्येकी एक चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम साखर धरली, तर २५ ग्रॅम झाली. बिस्किटे, बडीशेप, आलेपाक आणि दूध मिळून आणखी १५ ते १८ ग्रॅम. एकूण ४० ग्रॅमच्या आसपास. हा आकडा ऐकून त्या बाईंना आपण गोड खात नाही असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

आता वेळ मोजू. साध्या चहाला किंवा जेवणाला ४० मिनिटे धरू. पावणेसात, साडेआठ, साडेतीन, साडेसहा आणि नऊ हे पाच प्रसंग मिळून २०० मिनिटे. रेंगाळलेल्या चहाला ७५, डबा आणि बडीशेप मिळून ६०, तोंडात घोळवलेल्या वडीला ४५. रात्रीच्या दुधाला किमान ६०, कारण झोपेत लाळ जवळजवळ बंद होते. बेरीज ४४० मिनिटे, म्हणजे सात तास वीस मिनिटे. ही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, अंदाजी हिशेब आहे. पण कुठे पाहायचे ते त्यातून कळते.

बदल असा सुचवला जातो. सकाळचा पहिला चहा नाश्त्याबरोबर घ्यावा, वेगळा नको. पावणेअकराचा चहा बिनसाखरेचा किंवा त्याऐवजी पाणी. बडीशेप साधी भाजलेली. साडेतीनचा चहा साखरेचा चालेल, पण खारीसह पंधरा मिनिटांत संपवावा. वडी बंद; घसा कोरडा पडत असेल तर पाण्याची बाटली टेबलावर असावी. संध्याकाळी चहाऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्रीच्या दुधात साखर नको, आणि दूध पिऊन झाल्यावर ब्रश. आता साखरेचे प्रसंग उरले चार: नाश्ता, डबा, साडेतीन आणि रात्रीचे जेवण. हेच माप लावले तर बेरीज सुमारे तीन तासांवर येते. गंमत अशी की त्यांनी डब्याबरोबर रोज एक छोटी वाटी शिकरण किंवा श्रीखंड खाल्ले, तरी दिवसाची साखर पूर्वीएवढीच होईल आणि वेळ मात्र निम्म्याहून कमी राहील.

या बदलांतला सर्वांत अवघड भाग कोणता, तर कार्यालयातला अकराचा चहा. तेथे चहा साखर घालूनच थर्मासमधून येतो आणि बिनसाखरेचा मागणे म्हणजे मधुमेह झाल्याची जाहीर घोषणा असते. अशा वेळी तो कप गरम असतानाच दहा मिनिटांत संपवून वर पाणी प्यावे, हा व्यवहार्य तोडगा आहे.

म्हणजे जेवणाबरोबर कितीही साखर खाल्ली तरी चालते का?

नाही, आणि या मुद्द्यावर आम्हा दंतवैद्यांचे बोलणे अनेकदा अर्धवट ऐकले जाते. प्रत्यक्षात जास्त खाणारे लोक बहुधा जास्त वेळाही खातात, त्यामुळे लोकसंख्येच्या अभ्यासांत प्रमाण आणि वारंवारता एकमेकांपासून सुटी करणे कठीण जाते आणि प्रमाण वाढले की कीडही वाढलेली दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत दातांच्या किडीचा विचार मुख्य होता. वरून घातलेली साखर, मध, सरबते व फळांचे रस यांतून येणारी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी असे त्या सांगतात, आणि ५ टक्क्यांखाली आणल्यास आणखी फायदा संभवतो असेही म्हणतात. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. वजन आणि मधुमेह यांच्या दृष्टीने तर प्रमाणच निर्णायक ठरते.

एकूण प्रमाण माफक असलेल्या माणसाने आधी वेळा कमी कराव्यात, कारण त्याचा धोका तेथे आहे. ज्याचे प्रमाणच १०० ग्रॅमच्या पुढे आहे त्याला दोन्ही कमी करावे लागतील.

साखरेऐवजी गूळ, मध किंवा खडीसाखर वापरली तर?

दाताच्या दृष्टीने फरक पडत नाही. गुळातला मोठा भाग सुक्रोजच असतो, म्हणजे तीच साखर. त्यातली थोडी खनिजे आम्ल तयार होणे थांबवत नाहीत. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते आणि जंतू तेही आवडीने पचवतात. खडीसाखरेचे आणि आलेपाकाचे दुखणे वेगळे आहे: ती तोंडात हळूहळू विरघळते, म्हणून चमचाभर साखरेपेक्षा तिचा आम्लकाळ लांबतो. गुळाचा चहा पितो म्हणून मी निर्धास्त आहे, असे सांगणाऱ्यांच्या दाढांचे एक्स-रे काही वेगळे दिसत नाहीत.

मी गोड खातच नाही, चिवडा आणि वेफर्स खातो. मग कीड का लागते?

शिजवलेला किंवा तळलेला स्टार्च लाळेतल्या एन्झाइममुळे तोंडातच काही प्रमाणात साखरेत मोडतो. नुसता भात किंवा भाकरी जेवणात खाल्ली तर त्रास फारसा नसतो. वेफर्स, बिस्किटे, खारी आणि कुरमुरे मात्र चावल्यावर लगदा होऊन दाढांच्या खाचांत बसतात आणि बराच वेळ तेथेच राहतात. पुण्यातल्या बाकरवडीत, चिवड्यात आणि फरसाणातही साखर असतेच, ती तिखटाआड जिभेला जाणवत नाही.

उपवासाचा दिवस हा खास धोक्याचा. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळे, साखरेचे ताक, मध्ये दोनदा चहा, असे सकाळपासून रात्रीपर्यंत चरत राहिल्याने एकादशीला दात एरवीपेक्षा जास्त राबतात. फराळ दोन ठरावीक वेळांना पोटभर करावा आणि मधल्या वेळात पाणी प्यावे. उपवासही मोडत नाही.

कोणते पदार्थ दातांचे खरोखर रक्षण करतात?

येथे आधी एक गैरसमज दूर करावा लागेल. मोठ्या माणसाने कॅल्शियम भरपूर खाल्ले म्हणून ते रक्तातून इनॅमलमध्ये जाऊन बसत नाही. उगवलेल्या दाताच्या इनॅमलला रक्तपुरवठाच नसतो. संरक्षक पदार्थ जे काही करतात ते तोंडातच, दाताच्या पृष्ठभागावर करतात. त्यांचे मार्ग मुख्यतः दोन: लाळ वाढवणे, किंवा थरात कॅल्शियम, फॉस्फेट आणि आम्ल शोषणारी प्रथिने आणून सोडणे.

दोन्ही मार्ग एकत्र असलेला पदार्थ म्हणजे चीज. गोड खाल्ल्यानंतर चीजचा छोटा तुकडा चावून खाल्ला तर थराचा घसरलेला पीएच लवकर वर येतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यातले केसिन हे प्रथिन आम्ल शोषते, कॅल्शियम थरात मिसळते, आणि चावल्यामुळे व खारट चवीमुळे लाळ सुटते. हे संशोधन मुख्यतः घट्ट, मुरलेल्या चीजवर झाले आहे. घरच्या पनीरमध्ये केसिन आणि कॅल्शियम असते, पण तो मऊ आणि फिका असल्याने लाळ कमी सुटते. तरीही मधल्या वेळेला बिस्किटापेक्षा चाट मसाला लावलेला पनीर केव्हाही बरा. रक्तदाब असणाऱ्यांनी बाजारच्या चीजमधल्या मिठाचा विचार करावा.

बिनसाखरेचे दूध आणि साधे दही हे पुढचे. दुधातल्या लॅक्टोजपासूनही आम्ल बनते, पण इतर साखरांच्या तुलनेत कमी, आणि सोबतीला कॅल्शियम, फॉस्फेट व केसिन असल्याने हिशेब दाताच्या बाजूने राहतो. जेवणाच्या शेवटी साधे ताक किंवा दहीभात खाण्याची आपल्याकडची पद्धत या दृष्टीने शहाणी आहे. त्यावर मिठाई खाल्ली तर तो फायदा बराचसा जातो, म्हणून गोड आधी आणि ताक शेवटी हा क्रम ठेवावा.

भाजलेले शेंगदाणे खिशाला सर्वांत परवडणारे. त्यांत जंतूंना पचवण्याजोगी साखर थोडी, आणि चावावे लागत असल्याने लाळ भरपूर. शांत बसलेल्या माणसाच्या तोंडात मिनिटाला सुमारे ०.३ मिलिलिटर लाळ येते, चावताना ती १ ते २ मिलिलिटरपर्यंत जाते, आणि वाढलेल्या लाळेत बायकार्बोनेटचे प्रमाणही जास्त असते. शेंगदाण्याची चिक्की मात्र या यादीत बसत नाही, कारण तिथे दाणे गुळात बुडलेले असतात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात.

काकडी, गाजर, मुळा यांचा फायदा चावण्यापुरता आहे. सफरचंद दात घासून काढते असे म्हणतात, त्यात तथ्य नाही. ते चिकट थर काढू शकत नाही. अख्खे फळ जेवणाबरोबर खाण्यास काहीच हरकत नाही. आवळा आणि लिंबू औषधी असले तरी स्वतःच आम्ल आहेत. ते दिवसभर चघळले तर जंतूंच्या मदतीशिवायही इनॅमल झिजते.

बिनसाखरेच्या च्युइंगगमचा उपयोग लाळेसाठी होतो. जेवणानंतर वीस मिनिटे चघळावे. त्यात झायलिटॉल असल्यास जंतूंना त्यापासून आम्ल बनवता येत नाही; फिनलंडमधील तुर्कू येथे १९७० च्या दशकात या गोडीवर बरेच काम झाले. घरी कुत्रा असेल तर झायलिटॉलचे गम त्याच्या हाती लागू देऊ नये, कुत्र्यांना ते विषारी असते.

हे सर्व पदार्थ साखरेची जागा घेतात तेव्हा सर्वांत जास्त उपयोगी पडतात. गोड सहा वेळा खाऊन सातव्या वेळी चीज खाल्ल्याने सहा वेळांची भरपाई होत नाही.

फ्लोराइडची टूथपेस्ट वापरत असल्यास खाण्याच्या वेळा सांभाळायला हव्यात का?

हव्यात, पण फ्लोराइडमुळे थोडी मोकळीक मिळते. परत येणाऱ्या खनिजात फ्लोराइड मिसळले की तयार होणारा पृष्ठभाग आम्लाला अधिक टिकाव धरतो. सुमारे १००० पीपीएम फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी. पेस्टच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत हे लिहिलेले असते. अनेक वनौषधी पेस्टमध्ये आणि दंतमंजनांत ते अजिबात नसते, म्हणून वाचून पाहावे. झोपण्यापूर्वीचा ब्रश सर्वांत महत्त्वाचा. त्यानंतर फेस थुंकावा, खळखळून चुळा भरू नयेत, कारण चूळ भरली की फ्लोराइडही निघून जाते. ब्रशनंतर पाण्याखेरीज काहीही नको.

गोड खाल्ल्यावर लगेच पाण्याने चूळ भरणे चांगले, पण त्याने घसरण थोडी आटोपते, टळत नाही. लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंक प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये. अर्धा तास थांबावे.

लहान मुलांच्या बाबतीत काय वेगळे आहे?

दुधाच्या दातांचे इनॅमल पातळ असते, म्हणून कीड काही महिन्यांत नसेपर्यंत पोहोचते. सर्वांत वाईट चित्र बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांत दिसते: वरचे समोरचे चार दात हिरडीलगत तपकिरी होऊन झडू लागतात. बाटलीत साखर घातलेले दूध असेल तर धोका फारच वाढतो. साधे दूधही रात्रभर दातांवर साचू देऊ नये. मधात उगाळलेली गुटी आणि चोखणीला लावलेला मध यांनाही हेच लागू होते. त्यातही एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये, त्याचे कारण बॉट्युलिझम नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार आहे. खोकल्याची किंवा अँटिबायोटिकची गोड सिरप झोपण्याच्या तोंडावर देणे टाळावे, किंवा त्यानंतर दात पुसून घ्यावेत.

तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत मटाराएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते.

आजी-आजोबा दिवसभर सांभाळतात त्या घरांत प्रेमाने हातावर ठेवलेल्या गोळ्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. गोळी बंद करा असे सांगितले की भांडण होते. ती शाळेतून आल्यावर खाण्याबरोबर एकदाच द्या, असे सांगितले तर आजी ऐकतात, हा माझा अनुभव.

वयस्क माणसांना अचानक अनेक दात किडल्याचे का दिसते?

रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या अनेक औषधांनी लाळ कमी होते. त्याच वयात हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडते. मुळावर इनॅमल नसते आणि ते ६.२ ते ६.७ च्या आसपासच्या पीएचलाच विरघळू लागते, म्हणजे इनॅमलला ज्याने काही होत नाही एवढे सौम्य आम्लही मुळाला पुरते. तोंड कोरडे पडते म्हणून खिशात खडीसाखर किंवा लिमलेटच्या गोळ्या ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मुळांची वर्षभरात दुर्दशा होते. त्याऐवजी वारंवार पाण्याचे घोट, बिनसाखरेचे गम, आणि तोंड फारच कोरडे असल्यास दंतवैद्याकडून जास्त फ्लोराइडचा उपाय विचारावा. औषध स्वतःहून बंद करू नये. ते बदलता येईल का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

गणपती आणि दिवाळीत हे कसे जमवायचे?

दहा दिवसांत पाहुण्याकडे गेल्यावर प्रसाद नाकारता येत नाही आणि तो नाकारावाही लागत नाही. एका संध्याकाळी पाच घरी जायचे असेल तर दोन ठिकाणी मोदक तिथेच खावा आणि उरलेल्या ठिकाणचा घरी आणून जेवणाबरोबर खावा. दिवाळीत फराळाचे डबे टेबलावर उघडे ठेवले की येता-जाता शंकरपाळे तोंडात जातात. डबे कपाटात ठेवून फराळ नाश्त्याच्या वेळीच काढणाऱ्या घरांत करंज्या तितक्याच संपतात, पण दोन-तीन वेळांत. असले चार-पाच दिवस वर्षभराच्या सवयींपुढे नगण्य आहेत.

कीड सुरू झाली आहे हे घरी ओळखता येते का? आणि डाग दिसला तर तो भरावाच लागतो का?

पहिली खूण खड्ड्याची नसते. हिरडीच्या कडेला समांतर, खडूसारखा निस्तेज पांढरा पट्टा दिसतो. दात ओला असताना तो लपतो, म्हणून ओठ वर करून, कापसाने दात पुसून, खिडकीच्या उजेडात पाहावे. मुलांच्या वरच्या पुढच्या दातांवर महिन्यातून एकदा असे पाहणे सोपे आहे. ही अवस्था उलटवता येते: वेळा कमी करणे, फ्लोराइड, आणि गरज पडल्यास दवाखान्यात फ्लोराइड वार्निश. काही महिन्यांनी पट्टा पुन्हा गुळगुळीत आणि चकचकीत झाला, तर कीड थांबली असे समजतात. पांढरेपणा थोडा उरला तरी चालतो. पट्टा खरखरीत राहिला किंवा तपकिरी होऊन मऊ लागू लागला, तर ती पुढे सरकत आहे.

दोन दाढांच्या फटीतली कीड आरशात दिसत नाही. एकाच जागी रोज अन्न अडकणे, धागा फिरवताना तो तुटणे, गोड किंवा गार लागल्यावर क्षणभर कळ येणे, या तिच्या खुणा. पण अनेकदा कोणतीच खूण नसते आणि एक्स-रेमध्येच ती कळते. पृष्ठभाग तुटून खड्डा पडला की खनिज परत येऊन तो बुजत नाही आणि दात भरावा लागतो. दात भरून घेतल्यावर खाण्याच्या वेळा तशाच राहिल्या, तर काही वर्षांत त्याच भरलेल्या भागाच्या कडेने कीड पुन्हा सुरू होते. त्यामुळे भरण्याच्या दिवसापासूनच पुढच्या तीन दिवसांच्या, त्यांत एक सुट्टीचा दिवस धरून, खाण्यापिण्याची वेळेसह नोंद लिहून आणावी. पाण्याखेरीज तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, खिशातल्या बडीशेपेसकट, तिच्यात असावी.